गणपती कधी ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्ये का? सणांच्या सरकत्या तारखांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं कॅलेंडर हातात आलं की आपण पहिल्यांदा गणपती कधी आहेत ते पाहतो. कोकणात जाणाऱ्यांना गाडीचं आरक्षण काढायचं असतं, मूर्तिकाराला माती कधी भिजवायची ते ठरवायचं असतं, शाळांना चाचणी परीक्षा कुठे बसवायची ते बघायचं असतं. त्यामुळे बाकीच्या सणांपेक्षा प्रश्न गणपतीवरूनच जास्त येतात, आणि इथली उत्तरंही बहुतेक गणपतीच्या तारखेवरूनच दिली आहेत. ती एक तारीख नीट कळली की गुढीपाडवा, दसरा, दिवाळी आपोआप कळतात.

तारीख बदलते म्हणजे नेमकी कशी बदलते? तिला काही नियम आहे की नाही?

आहे. आधी अलीकडच्या वर्षांच्या तारखा पाहा. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आणि २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला. यातली चाल लगेच दिसते. एखाददोन वर्षं तारीख अकरा-बारा दिवसांनी अलीकडे येते आणि मग एका वर्षी एकदम अठरा-एकोणीस दिवसांनी पलीकडे उडी मारते. हळूहळू मागे सरकणं आणि अधूनमधून पुढे उडी मारणं, एवढंच चाललेलं असतं. मागे सरकणं चंद्रामुळे होतं आणि उडी सूर्यामुळे बसते.

मागे सरकण्याचे ते अकरा दिवस येतात कुठून?

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, थोडं नेमकं बोलायचं तर २९.५३ दिवस. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस आणि काही तास भरतात. सूर्याचं वर्ष तीनशे सव्वापासष्ट दिवसांचं. दोन्हींत जवळजवळ अकरा दिवसांचा फरक पडतो.

गणेश चतुर्थी म्हणजे भाद्रपद शुद्ध चतुर्थी. ती आली की बरोबर बारा चांद्रमहिन्यांनी पुन्हा येणार, म्हणजे ३५४ दिवसांनी. भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरला मात्र त्याच तारखेवर यायला ३६५ दिवस लागतात. म्हणून चतुर्थी अकरा दिवस आधीच दारात उभी राहते. मधे लीप वर्षाची २९ फेब्रुवारी आली तर फरक बारा दिवसांचा होतो, जसा २०२३ आणि २०२४ च्या मधे झाला.

मग असं मागे सरकत सरकत गणपती उन्हाळ्यात का जात नाहीत?

खरा प्रश्न हाच आहे. चंद्राला मोकळं सोडलं असतं तर सात-आठ वर्षांत गणपती जूनमध्ये आले असते आणि दिवाळी भर पावसाळ्यात. तसं होत नाही, कारण आपलं पंचांग निव्वळ चांद्र नाही. महिने चंद्राचे आहेत, पण त्यांची नावं सूर्य ठरवतो. दावं लांब असलं तरी गाय खुंटीपासून फार दूर जाऊ शकत नाही, तसं हे आहे. इथली खुंटी म्हणजे संक्रांत.

संक्रांत म्हटलं की आपल्याला तिळगूळ आठवतो, पण सूर्याच्या संक्रांती वर्षाला बारा असतात. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत गेला की एक संक्रांत. नियम असा: ज्या चांद्रमहिन्यात सूर्य मेष राशीत शिरतो तो चैत्र, वृषभेत शिरतो तो वैशाख, मिथुनेत ज्येष्ठ, कर्केत आषाढ, सिंहेत श्रावण, कन्येत भाद्रपद आणि पुढे असंच. थोडक्यात, सध्या १७ सप्टेंबरच्या सुमाराला होणारी कन्या संक्रांत ज्या अमावास्या ते अमावास्या काळात पडते, तोच भाद्रपद. दुसरा कुठलाही नाही.

म्हणजे गणपती जास्तीत जास्त किती लवकर आणि किती उशिरा येऊ शकतात?

वरच्या नियमातूनच हे काढता येतं. भाद्रपदात १७ सप्टेंबर यायलाच हवा. भाद्रपद लवकरात लवकर सुरू होणार तो असा, की कन्या संक्रांत त्याच्या अगदी शेवटी पडेल. म्हणजे ऑगस्टच्या १८-१९ तारखेला. उशिरात उशिरा सुरू होणार तो संक्रांतीच्या दिवशीच किंवा जेमतेम आदल्या दिवशी, म्हणजे १६-१७ सप्टेंबरला. चतुर्थी अमावास्येनंतर तीन-चार दिवसांनी. तेव्हा गणपती साधारण २१-२२ ऑगस्ट ते १९-२० सप्टेंबर या महिनाभराच्या पट्ट्यातच बसतात, त्याच्या बाहेर जात नाहीत.

दोन्ही टोकं आपण अलीकडेच पाहिली. २०२० मध्ये अमावास्या १९ ऑगस्टला संपली आणि गणपती २२ ऑगस्टला बसले. त्या वर्षी कन्या संक्रांत १६ सप्टेंबरला संध्याकाळी झाली आणि दुसऱ्या दिवशी भाद्रपदाची अमावास्या संपली. एवढ्या एका दिवसाच्या फरकाने तो महिना भाद्रपद ठरला. २०२३ मध्ये उलट झालं, अमावास्या १५ सप्टेंबरला संपली, दोनच दिवसांत संक्रांत आली, आणि गणपती १९ सप्टेंबरला बसले.

अधिक महिना कोण ठरवतं? पंचांगकर्ते बसून ठरवतात का?

नाही, तो आपोआप निघतो. सूर्याला एक रास ओलांडायला साधारण साडेएकोणतीस ते साडेएकतीस दिवस लागतात, चांद्रमहिना मात्र साडेएकोणतीसच्या आसपास. त्यामुळे कधीतरी असा महिना येतो की दोन अमावास्यांच्या मधे एकही संक्रांत पडत नाही. संक्रांत नाही म्हणजे त्याला स्वतःचं नाव नाही. अशा महिन्याला पुढच्या महिन्याचं नाव देतात आणि मागे ‘अधिक’ लावतात. मग येतो तो खरा, म्हणजे निज महिना.

२०२३ चा अधिक श्रावण या बाबतीत बघण्यासारखा आहे. सूर्य कर्केत शिरला १७ जुलैला पहाटे. त्याच रात्री बाराच्या ठोक्याला अमावास्या संपली आणि नवा चांद्रमहिना लागला. म्हणजे कर्क संक्रांत जेमतेम एक दिवस आधीच्या महिन्यात गेली आणि तो आषाढ झाला. नवा महिना चालत राहिला तो १६ ऑगस्टच्या दुपारपर्यंत. सूर्य सिंहेत गेला १७ ऑगस्टला दुपारी. पुन्हा जेमतेम एक दिवस! अलीकडची संक्रांत आदल्या दिवशी, पलीकडची दुसऱ्या दिवशी, आणि मधला महिना कोरडा. तो झाला अधिक श्रावण, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. १७ ऑगस्टपासून निज श्रावण, त्यात सिंह संक्रांत त्याच दिवशी. पुढचं सगळं महिनाभर सरकलं आणि गणपती थेट सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेले.

सरासरीने असा महिना साडेबत्तीस महिन्यांनी येतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ होता, २०२० मध्ये अधिक आश्विन, २०२३ मध्ये अधिक श्रावण, २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून पुन्हा अधिक ज्येष्ठ. २०२५ च्या २७ ऑगस्टवरून २०२६ च्या १४ सप्टेंबरवर गेलेली उडी या ज्येष्ठामुळेच आहे.

२०२० मध्ये सर्वपित्री झाली आणि घटस्थापना महिन्याने आली. तेव्हा काय झालं होतं?

तेव्हा अधिक महिना गणपतीच्या नंतर आला होता. एरवी सर्वपित्री अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी घट बसतात. २०२० मध्ये सर्वपित्री १७ सप्टेंबरला झाली आणि लगेच पुढचा महिना संक्रांतीविना गेला, अधिक आश्विन. घट बसले १७ ऑक्टोबरला. त्यामुळे त्या वर्षी गणपती लवकर होते पण दसरा-दिवाळी उशिरा. अधिक महिना वर्षात कुठे पडला यावर अवलंबून असतं की त्याचा धक्का कुठल्या सणाला याच वर्षी बसेल आणि कुठल्याला पुढच्या वर्षी. गणपतीला तो धक्का २०२१ मध्ये बसला, तारीख २२ ऑगस्टवरून १० सप्टेंबरवर गेली.

अधिक भाद्रपद असेल तर दोनदा गणपती बसवायचे का?

नाही. सण निज महिन्यात होतात. २०१२ मध्ये अधिक भाद्रपद होता. त्यातही शुद्ध चतुर्थी आली आणि गेली, पण गणपती बसले ते निज भाद्रपदात, १९ सप्टेंबरला. अधिक महिन्यात व्रतं, दानं, जावयाला धोंडे आणि अनारसे. अनारसे तेहतीस द्यायचे. सासूबाईंना गणित विचारलं तर हसतील, पण अधिक महिना साधारण तेहतीस महिन्यांनी येतो, तेव्हा आकडा काही वाऱ्यावरचा नाही.

अधिक महिना नेहमी उन्हाळ्या-पावसाळ्यातच का येतो? अधिक पौष का नाही ऐकला?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती वर्तुळात नाही, किंचित लांबट कक्षेत. जुलैच्या सुरुवातीला ती सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि तिचा वेग मंद असतो. त्यामुळे त्या सुमारास सूर्य एका राशीत साडेएकतीस दिवसांपर्यंत रेंगाळतो. दोन संक्रांतींमधलं अंतर लांबलं की मधे अख्खा चांद्रमहिना मावण्याची शक्यता वाढते. म्हणून अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विन यांतच येतात.

जानेवारीच्या सुरुवातीला उलट असतं. पृथ्वी सूर्याच्या जवळ, वेग जास्त, आणि सूर्य रास साडेएकोणतीस दिवसांच्या आतच ओलांडतो. तिथे चांद्रमहिनाच सौरमहिन्यापेक्षा मोठा होऊ शकतो. फार क्वचित एका चांद्रमहिन्यात दोन संक्रांती पडतात आणि मग एक महिना गळतो. त्याला क्षयमास म्हणतात. असं १९६३-६४ मध्ये झालं आणि १९८२-८३ मध्ये झालं. त्या त्या वर्षी क्षयमासाच्या आगेमागे एकेक अधिक महिना आला, त्यामुळे बेरीज बिघडली नाही. पुढचा क्षयमास २१२३-२४ मध्ये आहे, तो आपल्यापैकी कुणी बघणार नाही.

महिना ठरला, तिथी ठरली, तरी ‘आज की उद्या’ हा घोळ का होतो?

कारण तिथी आणि वार यांचं जमत नाही. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी पुरी होते. चंद्राचा वेग कमी-जास्त होतो, म्हणून तिथी कधी वीस तासांत आटोपते, कधी सत्तावीस तासांपर्यंत ताणते, आणि ती दिवसाच्या कुठल्याही वेळी लागते. मग कुठला दिवस धरायचा? साधारणपणे सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची. पण सणांना आपापला वेळ असतो. गणेश चतुर्थीला मध्यान्ह बघतात, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळ, म्हणजे सूर्यास्तानंतरचा वेळ.

२०२५ मध्ये चतुर्थी लागली २६ ऑगस्टला दुपारी १ वाजून ५४ मिनिटांनी आणि संपली २७ ला दुपारी ३ वाजून ४४ मिनिटांनी. २६ चा मध्यान्हकाळ ती लागण्याआधीच टळला होता. २७ ला मध्यान्हाला ती पूर्ण हजर होती. म्हणून २६ ला हरतालिका आणि २७ ला गणपती, कुठेच वाद नाही. २०२३ मध्ये मात्र चतुर्थी १८ सप्टेंबरला दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांनी लागली आणि १९ ला दुपारी पावणेदोनच्या सुमारास संपली. दोन्ही दिवशी मध्यान्हाला तिचा स्पर्श झाला. महाराष्ट्रात १९ धरली, दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी १८ ला गणपती बसले.

दिवाळीचा घोळही असाच. २०२४ मध्ये अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. ३१ च्या रात्री ती पूर्ण होती, आणि १ तारखेला मुंबई-पुण्याकडे सूर्यास्तानंतर थोडाच वेळ उरली होती. उत्तरेत अनेकांनी ३१ ला पूजा केली. आपल्याकडच्या पंचांगांनी १ नोव्हेंबर दिली, कारण दोन्ही दिवशी प्रदोषात अमावास्या असली तर दुसरा दिवस घ्यायचा असं त्यांनी धरलं. चूक कुणाचीच नव्हती. गणित एकच होतं, नियम लावण्याची रीत वेगळी होती. समाजमाध्यमांवर ‘पंचांगं खोटी’ असा जो आरडाओरडा झाला तो निव्वळ अज्ञानाचा होता.

अमेरिकेतल्या मुलाकडे गणपती आदल्या दिवशी कसे?

तिथी आकाशात लागते, त्यामुळे ती जगभर एकाच क्षणी लागते. मध्यान्ह मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. वरची २०२५ ची चतुर्थी घ्या. भारतात २६ ऑगस्टला दुपारी १:५४ वाजता ती लागली तेव्हा न्यू जर्सीत २६ ची पहाट होती, ४:२४. भारतात २७ ला दुपारी ३:४४ वाजता संपली तेव्हा तिथे २७ ची सकाळ होती, ६:१४. म्हणजे न्यू जर्सीत मध्यान्हाला चतुर्थी मिळाली ती फक्त २६ तारखेला. २७ च्या दुपारी तिथे पंचमी चालू होती. भारतातलं कॅलेंडर तिकडच्या भिंतीवर लावून काम भागत नाही, तिथल्या गावासाठी काढलेलं पंचांग बघावं लागतं. तिकडची मंडळं मात्र बहुधा शनिवार-रविवार बघून कार्यक्रम ठेवतात. तिथीला सुट्टी नाही आणि रविवारी हॉल मिळतो, त्याला इलाज नाही.

ईदही चंद्रावरच चालते. मग ती सगळ्या ऋतूंत का फिरते?

हिजरी वर्षात अधिक महिना नसतो, खुंटीच नाही. बारा चांद्रमहिने झाले की वर्ष संपलं. त्यामुळे रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येत राहते, २०२४ मध्ये ११ एप्रिलला होती आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला. तेहतीस-एक वर्षांत तिची सगळ्या ऋतूंतून एक फेरी पूर्ण होते.

दोन्ही पंचांगांचा चंद्र एकच असल्यामुळे एक मजेशीर गोष्ट घडते, ती मुंबईकरांनी नुकतीच सलग तीन वर्षं अनुभवली. ईद-ए-मिलाद रबी-उल-अव्वलच्या १२ तारखेला असते. अनंत चतुर्दशी भाद्रपद शुद्ध चतुर्दशीला. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणजे अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी. तेव्हा रबी-उल-अव्वल आणि भाद्रपद हे एकाच चंद्राचे महिने असतील तर १२ तारीख त्रयोदशी-चतुर्दशीलाच येणार. २०२३ मध्ये दोन्ही २८ सप्टेंबरला आले, २०२४ मध्ये १६ आणि १७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये ५ आणि ६ सप्टेंबरला. तिन्ही वर्षी मुस्लिम समाजाने मिरवणूक पुढे ढकलली आणि त्याप्रमाणे मुंबईतली सुट्टीही सरकली.

२०२६ मध्ये ही जोडी सुटते. अधिक ज्येष्ठाने भाद्रपद एक चंद्र पुढे ढकलला, हिजरी महिने जागचे हलले नाहीत, आणि ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या अखेरीस श्रावणात येते. पुन्हा ही जोडी जमायला तीस-बत्तीस वर्षं लागतील.

मकर संक्रांत मात्र १४ जानेवारीलाच. ती का सरकत नाही?

ती चंद्राकडे बघतच नाही, सूर्य मकरेत गेला की संक्रांत. पण ती अजिबात सरकत नाही हे खरं नाही. पंचांगातलं सौरवर्ष ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंच्या. पहिलं दुसऱ्यापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं आहे. साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला होती, आणि पुढे १५ तारीख अधिकाधिक वेळा दिसेल.

पानिपतचं युद्ध १४ जानेवारी १७६१ ला झालं, म्हणून ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी संक्रांत कोसळली’ असं भाषणांतून सर्रास ऐकू येतं. मागे मोजत गेलं तर १७६१ मध्ये सूर्य मकरेत गेला तो १० जानेवारीच्या आसपास. युद्ध झालं त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती. संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते.

आणि संक्रांती सरकतात म्हणजे कन्या संक्रांतही सरकते, तिच्याबरोबर भाद्रपदाचा पट्टाही. दोन हजार वर्षांनी कुणी गणपती बसवत असेल तर तो आजच्यापेक्षा जवळजवळ महिनाभर उशिरा बसवत असेल.

शिवजयंती दोन का?

एक तारखेने, एक तिथीने. शासकीय शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते. तिथीने फाल्गुन वद्य तृतीया, ती २०२५ मध्ये १७ मार्चला होती. गंमत अशी की १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आज आपण वापरतो त्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च १६३० येतो.

उत्तर प्रदेशातल्या शेजाऱ्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. सण मात्र एकाच दिवशी. हे कसं?

आपण महिना अमावास्येला संपवतो, ते पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोघांचाही एकाच नावाचा, वद्य पक्षाचं नाव तेवढं वेगळं. आपण ज्याला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, दोन्ही म्हणजे गोकुळाष्टमीच.

२०२३ मध्ये कोकणात काही घरांत गणपती महिनाभर आधीच बसले होते. ते चुकले का?

चुकले नाहीत, त्यांच्याकडे टिळक पंचांग चालतं. राशींची सुरुवात आकाशात नेमकी कुठून धरायची यावर जुना मतभेद आहे. टिळक पंचांगाचा आरंभबिंदू आपल्या नेहमीच्या पंचांगापेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळा आहे, त्यामुळे त्याच्या सगळ्या संक्रांती चारेक दिवस आधी होतात. एरवी सणांवर याचा परिणाम होत नाही. पण संक्रांत अमावास्येच्या अगदी जवळ आली की खेळ बदलतो.

२०२३ चंच उदाहरण घ्या. नेहमीच्या पंचांगात सिंह संक्रांत १७ ऑगस्टला, अमावास्येनंतर एक दिवस, म्हणून महिना अधिक. टिळक पंचांगात तीच संक्रांत चार दिवस आधी, म्हणजे अमावास्येच्या आत. त्यांना तो महिना सरळ निज श्रावण ठरला, पुढचा महिना भाद्रपद, आणि गणपती ऑगस्टच्या विसाव्या तारखेच्या सुमारास. चंद्र तोच, चतुर्थी तीच, महिन्याचं नाव तेवढं वेगळं.

गोव्याच्या कार्निव्हलची तारीख का बदलते?

कारण ती ईस्टरला बांधलेली आहे आणि ईस्टर चंद्राला. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर, ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या कोष्टकातली. तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मधे कधीही येतो. त्याच्या सेहेचाळीस दिवस आधी राखेचा बुधवार, आणि त्याच्या आधीचे चार दिवस कार्निव्हल. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता म्हणून कार्निव्हल १० फेब्रुवारीला सुरू झाला, २०२५ मध्ये ईस्टर २० एप्रिलला म्हणून कार्निव्हल १ मार्चला. इथेही खुंटी सूर्याचीच, फक्त ती मार्चमध्ये ठोकलेली.

एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात असं आजी म्हणायची. खरं का?

बऱ्यापैकी खरं. एकोणीस सौरवर्षांत २३५ चांद्रमहिने जवळजवळ अचूक बसतात. एकोणीस गुणिले बारा म्हणजे दोनशे अठ्ठावीस, आणि वर सात अधिक महिने. २००६ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते, २०२५ मध्येही २७ ऑगस्टला. पण २००४ मध्ये १८ सप्टेंबरला होते आणि २०२३ मध्ये १९ ला. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, कारण तिथी दुपारी लागते की रात्री हे एकोणीस वर्षांनी तंतोतंत तसंच राहत नाही. तुमचा एकोणिसावा आणि अडतिसावा वाढदिवस तिथीने काढून बघा.

पंचांग हाताशी नसताना पुढच्या वर्षीचे गणपती अंदाजाने कसे काढायचे?

यंदाच्या तारखेतून अकरा दिवस वजा करा. पुढच्या गणपतीच्या आत २९ फेब्रुवारी येत असेल तर बारा. उत्तर २१ ऑगस्टच्या अलीकडे गेलं तर समजा मधे अधिक महिना आहे, आणि तीस दिवस मिळवा.

१४ सप्टेंबर २०२६ वरून करून पाहू. अकरा वजा केले की ३ सप्टेंबर २०२७. पंचांगात ४ सप्टेंबर आहे. ४ मधून बारा वजा केले, कारण २०२८ लीप वर्ष आहे, तर २३ ऑगस्ट २०२८, आणि पंचांगात तीच तारीख आहे. त्यातून अकरा वजा केले की १२ ऑगस्ट २०२९ येते. ती पट्ट्याबाहेर, म्हणून तीस मिळवा, ११ सप्टेंबर. त्या वर्षी अधिक चैत्र आहे आणि गणपती ११ सप्टेंबरलाच आहेत.

अंदाज एका दिवसाने चुकू शकतो, आणि उत्तर २०-२१ ऑगस्टच्या काठावर आलं तर महिन्यानेही चुकू शकतो. गाडीचं आरक्षण काढायचं असेल तर छापील पंचांग उघडा.